आधी नळ, मग दवाखाना

इफ्तारला दहा मिनिटं उरली की घरात एकच धांदल उडते. दस्तरखान जमिनीवर अंथरलेला, म्हणजे सगळं रांगत्या मुलाच्या हाताशी. गेल्या रमजानमध्ये माझ्या बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलाने दस्तरखानाची कड ओढली आणि चहाचा भरलेला कप त्याच्या छातीवर, हातावर उलटला.

कुणी हळद आणायला धावलं, कुणी टूथपेस्ट, कुणी बर्फ. आवाज ऐकून शेजारच्या मावशी आल्या. त्या निवृत्त नर्स. म्हणाल्या, "काही लावू नका. आधी नळाखाली धरा."

त्यांनी चहाने भिजलेला सदरा लगेच काढला, कारण कापडात मुरलेला गरम चहा कातडी भाजतच राहतो. कापड चिकटलं असेल तर मात्र ओढायचं नाही, भोवतीचं कापून काढायचं. हातातलं कडंही काढलं. सूज आल्यावर ते निघत नाही.

मग नळाचं साधं पाणी, घड्याळ लावून वीस मिनिटं. पाच मिनिटांत रडणं कमी झालं, तेव्हा बहीण त्याला उचलू लागली. मावशींनी थांबवलं. वरची कातडी गार लागली तरी आतल्या थरात उष्णता असते, आणि लहान मुलांची कातडी पातळ असल्याने ती खोल जाते. लगेच पाणी मिळालं नाही, तरी तीन तासांच्या आत केलेला हा उपाय फायद्याचा असतो. नळाला पाणी नसेल तर बादलीतून तांब्याने ओतत राहायचं. बर्फ नको; त्याने भाजलेल्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो. बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळून ठेवायचं. मूल थरथरू लागलं किंवा मलूल झालं तर पाणी थांबवायचं.

नंतर भाजलेल्या जागेवर स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैल ठेवलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. फोड फोडले नाहीत. हळद लावली असती तर डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते दिसलं नसतं, आणि ती धुऊन काढताना पोराला पुन्हा वेदना झाल्या असत्या.

डाळ सांडली तर ती चिकटून भाजत राहते, म्हणून पाण्यानेच धुऊन काढायची. तेल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, तरी अंगावर सांडल्यावर उपाय तोच. पेटलेल्या कढईत मात्र पाणी कधीच ओतू नये.

एवढ्या लहान मुलाला फोड आले, त्याच्या तळहाताएवढी जागा भाजली, किंवा चेहरा, हात, पाय, जांघ, सांधा भाजला तर दवाखान्यात न्यायलाच हवं. पांढरी पडलेली, न दुखणारी जागा तर सर्वांत खोल भाजलेली असू शकते.

भाचा बरा झाला. आता आमच्याकडे चहा दस्तरखान उचलल्यानंतरच येतो.