अतिरेकवाचक ‘टू’मधील अनुच्चारित नकार

इंग्रजीतील अतिरेकवाचक ‘टू’, तसेच ‘इनफ’, ‘सो’ आणि ‘सच’ या चारही शब्दांसाठी मराठी अनुवादक बहुधा ‘इतका’ योजतो; त्यांच्या रचना मात्र भिन्न आहेत. ‘ही इज टू प्राउड टु बेग’ या वाक्यात नकारवाचक शब्द नाही, तरी अर्थ नकाराचाच आहे: ‘तो इतका मानी आहे की याचना करणार नाही.’ ‘याचना करण्याइतका मानी’ असे भाषांतर केल्यास अर्थ उलटतो. कारण ‘करण्याइतका’ ही रचना होकारार्थी ‘इनफ’ची आहे. ‘ओल्ड इनफ टु व्होट’ म्हणजे ‘मत देण्याइतका मोठा’. ‘सो’ आणि ‘सच’ यांच्या मागून ‘दॅट’ने आरंभ होणारे उपवाक्य येते, त्यात नकार उघडपणे लिहावा लागतो: ‘सो प्राउड दॅट ही वोन्ट बेग’. ‘सो’ला केवळ विशेषण पुरते, ‘सच’ला नाम लागते: ‘सच अ प्राउड मॅन दॅट ही वोन्ट बेग’. मराठीत दोहोंना ‘इतका... की’ चालते.