अपठित उतारा
अपठित उतारा : विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकात पूर्वी न वाचलेला, आकलनाच्या परीक्षेसाठी दिलेला छोटा गद्यखंड. पठित पाठावरील प्रश्नांना स्मरणाच्या बळावर उत्तरे देता येतात. अपठित उताऱ्यात तो आधार नसतो. समोरच्या मजकुरातून अर्थ कितपत उलगडता येतो, एवढेच येथे पाहिले जाते. मराठीच्या शालेय परीक्षांत अशा उताऱ्याखाली प्रामुख्याने तीन प्रकारचे प्रश्न रूढ आहेत : समर्पक शीर्षक देणे, मध्यवर्ती कल्पना सांगणे आणि प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहिणे. हे तिन्ही प्रश्न एकाच उताऱ्यावर असले, तरी त्यांची मागणी भिन्न असते. ती स्पष्ट व्हावी म्हणून पुढील उतारा नमुन्यादाखल घेता येईल.

‘गावाच्या वेशीजवळ एक दगडी विहीर होती. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी चार दिवस प्रत्येक घरातील एक माणूस तेथे जमे आणि तळाचा गाळ उपसला जाई. त्या कामाला मजुरी नव्हती. दुपारी सर्वांनी मिळून खाल्लेली भाकरी-चटणी हाच त्याचा मोबदला. पुढे गावात नळ आला. पाणी दारात येऊ लागल्यावर विहिरीकडे जाणारी पायवाट गवताने झाकली आणि गाळ काढणेही थांबले. काही वर्षांनी ऐन उन्हाळ्यात नळ बंद पडला, तेव्हा लोकांना विहिरीची आठवण झाली. घागरी घेऊन गेलेल्यांना कोरडा तळ दिसला. पावसाने दगा दिला, असे काहीजण म्हणाले. पण शेजारच्या मळ्यातील विहिरीला पाणी होते. म्हातारे पाटील तेवढेच बोलले, “झरे आटले नाहीत; आपण ते बुजू दिले.”’

मध्यवर्ती कल्पना : प्रश्नपत्रिकेत शीर्षकाचा प्रश्न बहुधा आधी असतो, उत्तराच्या दृष्टीने मात्र मध्यवर्ती कल्पना आधी निश्चित करणे सोयीचे ठरते. उतारा ज्याविषयी आहे तो त्याचा विषय होय. त्या विषयासंबंधी उतारा जे प्रतिपादन करतो, ती मध्यवर्ती कल्पना होय. वरील उताऱ्याचा विषय ‘गावची विहीर’ हा आहे. परंतु तेवढे लिहिल्याने मध्यवर्ती कल्पना सांगितली, असे होत नाही. ती शोधताना उताऱ्यातील वळण पाहावे लागते. येथे विहिरीचा उल्लेख करणाऱ्या पहिल्या वाक्यानंतरची तीन वाक्ये सामूहिक श्रमाची आहेत. ‘पुढे गावात नळ आला’ या वाक्यापासून त्या श्रमाचा लोप सुरू होतो आणि शेवटच्या वाक्यात दोहोंचा संबंध जोडला जातो. म्हणून मध्यवर्ती कल्पना अशी मांडता येईल : ‘सर्वांच्या मालकीची वस्तू सर्वांच्या नियमित श्रमानेच टिकते; गरज संपल्यासारखी वाटून ते श्रम थांबले, की अडचणीच्या वेळी ती वस्तू उपयोगी पडत नाही.’

या उत्तरात अक्षय्य तृतीया, भाकरी-चटणी किंवा घागरी यांचा उल्लेख नाही. हे तपशील सारांशात येऊ शकतात. कारण सारांशात उताऱ्याचा क्रम थोडक्यात पुन्हा सांगायचा असतो. मध्यवर्ती कल्पनेत तो क्रम गाळून त्यामागील सूत्र तेवढे सांगायचे असते. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत आढळणारा मोठा दोष म्हणजे सूत्राऐवजी सारांश लिहिणे. याच्या उलट दोष म्हणजे ‘पाणी जपून वापरावे’ यासारखा सर्वपरिचित उपदेश लिहिणे. पाण्याचा अपव्यय झाला, असे उताऱ्यात कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा तो उपदेश योग्य असला, तरी या उताऱ्याचा नव्हे.

समर्पक शीर्षक : मध्यवर्ती कल्पना पूर्ण विधानाच्या रूपात असते, तर शीर्षक बहुधा दोन ते चार शब्दांचे व क्रियापदविरहित असते. ते समर्पक आहे की नाही, हे दोन कसोट्यांवर ठरते. पहिली कसोटी व्याप्तीची : उताऱ्याचा कोणताही महत्त्वाचा भाग शीर्षकाबाहेर राहू नये. दुसरी वेगळेपणाची : तेच शीर्षक त्या विषयावरील दुसऱ्या कोणत्याही उताऱ्याला चालू नये. ‘गाळ उपसणे’ हे शीर्षक पहिल्या कसोटीला उतरत नाही, कारण नळ आल्यानंतरचा भाग त्यात सामावत नाही. ‘विहीर’ किंवा ‘पाण्याचे महत्त्व’ ही शीर्षके दुसऱ्या कसोटीला उतरत नाहीत. ती पाण्यावरील शेकडो उताऱ्यांना देता येतील. ‘बुजलेले झरे’ हे शीर्षक दोन्ही कसोट्यांना उतरते. विहिरीची प्रत्यक्ष स्थिती त्यात सूचित होते आणि गावातील आटलेल्या सहकाराकडेही ते निर्देश करते. मात्र शीर्षक एकच बरोबर असते असे नाही. ‘विसरलेली विहीर’ हेही येथे ग्राह्य मानावे लागेल. परीक्षकाने आदर्श उत्तरातील शब्दांशी तुलना न करता वरील कसोट्या लावणे अधिक न्याय्य ठरते.

एका वाक्यातील उत्तरे : या प्रश्नांत उत्तर पूर्ण वाक्यात व नेमके असावे लागते. ‘गावकऱ्यांना श्रमाचा मोबदला कोणता मिळे?’ या प्रश्नाला ‘भाकरी-चटणी’ एवढेच उत्तर माहितीच्या दृष्टीने बरोबर, पण रचनेच्या दृष्टीने अपुरे आहे. प्रश्नातील प्रश्नार्थक शब्द काढून त्या जागी उत्तर घातले, की वाक्य सहज सिद्ध होते : ‘दुपारी सर्वांनी मिळून खाल्लेली भाकरी-चटणी हाच गावकऱ्यांच्या श्रमाचा मोबदला असे.’ उताऱ्यातील ‘त्याचा’ हे सर्वनाम येथे बदलावे लागले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वाक्य जसेच्या तसे उतरवले असते, तर सर्वनाम कशाबद्दल आले आहे ते कळले नसते.

‘विहीर कोरडी का पडली?’ हा प्रश्न अधिक कठीण आहे. घाईने वाचणारा विद्यार्थी ‘पावसाने दगा दिल्यामुळे’ असे लिहितो. परंतु ते काही गावकऱ्यांचे मत आहे आणि शेजारच्या विहिरीच्या उल्लेखाने उतारा ते खोडून काढतो. योग्य उत्तर कोणत्याही एका वाक्यात तयार मिळत नाही. गाळ काढणे थांबल्याचे वाक्य आणि पाटलांचे उद्गार एकत्र आणूनच ते लिहावे लागते : ‘काही वर्षे गाळ न काढल्याने झरे बुजले, म्हणून विहीर कोरडी पडली.’ पाटलांच्या तोंडचे ‘आपण’ येथे गळते, कारण उत्तर लिहिणारा त्या गावचा नसतो. ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे अर्धे वाक्य अशा ठिकाणी पूर्ण उत्तर ठरत नाही.

मर्यादा : उताऱ्याची निवड आणि प्रश्नांची रचना सदोष असेल, तर ही परीक्षा निरर्थक होते. ‘विहिरीतील गाळ का काढतात?’ या प्रश्नाचे उत्तर उतारा न वाचताही देता येते. म्हणून तो आकलनाचा प्रश्न नव्हे. प्रश्न पारखण्याचा सोपा उपाय म्हणजे उतारा झाकून त्याचे उत्तर देता येते काय, हे पाहणे. दुसरी अडचण परिचयाची आहे. ज्याने झरा किंवा उपसा कधी पाहिलेला नाही, अशा शहरी विद्यार्थ्याला ‘झरे बुजले’ याचा अर्थ लागणे कठीण जाते. तेथे उणीव वाचनाची की अनुभवाची, हे गुणांवरून ओळखता येत नाही. महाराष्ट्रातील शालान्त परीक्षेत प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतल्यानंतर आकृतिबंध पूर्ण करणे, चौकटी भरणे यांसारख्या कृती उताऱ्यावर देण्यात येऊ लागल्या. त्यामुळे गुणदानात एकवाक्यता येते. परंतु विखुरलेली विधाने जोडून स्वतःचे वाक्य रचण्याची जी कसोटी शीर्षक व मध्यवर्ती कल्पना यांच्या प्रश्नांत लागते, ती केवळ चौकटी भरण्याने लागत नाही.