टॅब म्हणजे आठ जागा नव्हेत

टंकयंत्रावर टॅबची कळ दाबली की गाडी ठरलेल्या थांब्यापर्यंत सरकते. संगणकाच्या मजकुरातील टॅब हीदेखील अशीच आज्ञा आहे. म्हणून प्रत्येक टॅबऐवजी सरसकट ८ जागा घातल्या की रकाने विसकटतात. थांबे दर ८ अक्षरांवर असतील, तर ओळीच्या २ अक्षरांनंतर ६ जागा हव्यात, ५ अक्षरांनंतर ३. तेव्हाच दोन्ही ओळींतला पुढचा मजकूर नवव्या घरात येतो. युनिक्समधील `expand` हाच हिशेब करते. मूळ संपादकात थांबे ४ वर असतील, तर तसे सांगावे लागते:

```
expand -t 4 juna.c > nava.c
```

खरी मेख अशी की हे अंतर फायलीत सहसा लिहिलेले नसते. ओळींच्या शेवटच्या टिपा ज्या अंतराने एका रेषेत येतात, ते बहुधा मूळचे. `Makefile` मात्र सोडावी. तिथे आज्ञेची ओळ एरवी टॅबनेच सुरू व्हावी लागते.