इन्स्टाग्रामवरून काढलेली पोस्ट कुठे जाते?

२०२१ च्या सुरुवातीपर्यंत इन्स्टाग्रामवरची पोस्ट डिलीट केली की विषय तिथेच संपायचा. पुढच्याच क्षणी चूक लक्षात आली तरी हळहळण्यापलीकडे काही करता येत नसे. त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीने ‘Recently deleted’ नावाचा फोल्डर आणला. तेव्हापासून काढलेली पोस्ट लगेच नाहीशी न होता काही दिवस तिथे थांबते आणि मालकाला ती परत आणता येते.

घाईने चुकीचं बटण दाबणाऱ्यांची सोय हे त्याचं एक कारण. दुसरं कारण कंपनीने त्या वेळीच सांगितलं होतं आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. दुसऱ्याच्या खात्यात घुसलेला हॅकर अनेकदा तिथले फोटो आणि व्हिडिओ काढून टाकतो. खातं परत मिळालं तरी वर्षानुवर्षं जमवलेला मजकूर परत मिळवण्याचा सोपा मार्ग तोवर नव्हता. म्हणून या फोल्डरला एक कडी घातली आहे. तिथून काही परत आणायचं असो किंवा मुदतीआधीच कायमचं काढायचं असो, खातं तुमचंच आहे याची खात्री करण्यासाठी इन्स्टाग्राम नोंदवलेल्या मोबाईलवर किंवा ईमेलवर कोड पाठवतं. पासवर्ड चोरणाऱ्याकडे तुमचा फोन नसतो, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी सुरक्षा उभी आहे.

समजा, साताऱ्यातल्या एक बाई घरी गोधड्या शिवतात आणि इन्स्टाग्रामवर त्यांचे फोटो टाकून विकतात. खात्याचं रोजचं काम त्यांचा भाचा बघतो. ५ मे रोजी त्याने विकून झालेल्या मालाच्या जुन्या पोस्ट काढून टाकल्या. त्यात एका खणाच्या गोधडीची पोस्टही गेली. २८ मे रोजी एका गिऱ्हाईकाने नेमकी तशीच गोधडी मागितली, आणि फोटो तर फोनमध्येही उरलेला नाही.

अशा वेळी आपल्या प्रोफाइलवर जाऊन वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर टिचकी द्यायची, ‘Your activity’ उघडायचं आणि त्यात ‘Recently deleted’ शोधायचं. आत पोस्ट, रील, स्टोरी असे वेगवेगळे कप्पे दिसतात. प्रत्येक फोटोवर एक आकडा असतो, तो उरलेल्या दिवसांचा. आपल्या उदाहरणात ५ मे पासून तेवीस दिवस झाले आहेत, तेव्हा गोधडीच्या फोटोवर ७ च्या आसपासचा आकडा दिसेल. पोस्ट उघडून तिच्या पर्यायांमध्ये ‘Restore’ निवडायचं, आलेला कोड भरायचा, की पोस्ट प्रोफाइलवर परत येते. ती नवी पोस्ट म्हणून सर्वांत वर येत नाही, मूळ तारखेच्या जागी जाऊन बसते. त्यामुळे ‘परत आणली तरी दिसत नाही’ असं वाटलं, तर आधी प्रोफाइलवर खाली सरकत जाऊन पाहावं. ‘Restore’ च्या शेजारीच ‘Delete’ असतं. ते निवडून कोड भरला, तर उरलेले दिवस त्याच क्षणी संपतात.

भाच्याने हे ५ जूनला पाहिलं असतं, तर कप्पा रिकामा असता. मुदत तीस दिवसांची आहे आणि ती पोस्ट काढल्या क्षणापासून मोजली जाते. आपल्याला कधी कळलं याच्याशी तिचा संबंध नाही. हॅकरच्या बाबतीत ही गोष्ट फार बोचते. खातं परत मिळवण्याच्या खटपटीत तीन आठवडे गेले, तर ते तीन आठवडे मुदतीतूनच वजा होतात. आणि चोराने खात्यावरचा ईमेल आणि मोबाईलच बदलला असेल, तर कोड त्याच्याकडे जाऊ लागतो आणि कडी असून नसल्यासारखी होते. ईमेल बदलला गेल्यावर इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर security@mail.instagram.com वरून निरोप पाठवतं. बदल तुम्ही केला नसेल, तर तो उलटवण्याचा दुवा त्यात असतो. म्हणून तो निरोप आला त्याच दिवशी वाचणं हा पोस्ट वाचवण्याचाही भाग आहे.

स्टोरीचं गणित वेगळं आहे. स्टोरी मुळातच चोवीस तासांची. ती तुमच्या स्टोरी-संग्रहात साठवली जात नसेल आणि तुम्ही ती काढली, तर ती फोल्डरमध्ये जास्तीत जास्त चोवीस तास राहते. बाकी फोटो, व्हिडिओ आणि रील यांना तीस दिवस मिळतात. अनेक फोटोंच्या पोस्टमधला एकच फोटो काढण्याची सोय २०२१ च्या अखेरीस आली. तो सुटा फोटोही याच फोल्डरमध्ये येतो आणि परत आपल्या पोस्टमध्ये जाऊ शकतो.

आपण स्वतः काढलेल्या कमेंट मात्र इथे सापडत नाहीत. नियमभंगाच्या कारणावरून कंपनीने काढलेल्या पोस्टही इथे नसतात, त्यांच्यासाठी ‘Account Status’ मध्ये जाऊन दाद मागावी लागते. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा प्रकारे हटवलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे. पण ती जपणूक तपास यंत्रणांसाठी आहे, तुम्हाला त्यातून काही मिळत नाही.

आता पडद्यामागे काय घडतं ते पाहू. आपण पोस्ट काढतो तेव्हा फोटो सर्व्हरवरून पुसला जात नाही. पोस्टच्या नोंदीवर ‘ही अमुक वेळी काढली’ अशी खूण पडते. इतरांना प्रोफाइल दाखवताना खुणेच्या नोंदी वगळल्या जातात, आणि मालकाच्या त्या फोल्डरात नेमक्या त्याच दाखवल्या जातात. ‘Restore’ म्हणजे ती खूण काढणं. म्हणूनच पोस्ट काही सेकंदांत परत येते, कुठून काही शोधून जुळवावं लागत नाही. तीस दिवस उलटले की खूण काढण्याची वाट बंद होते आणि खरं पुसणं सुरू होतं.

हे पुसणं ऐकायला वाटतं तितकं सोपं नाही. एका पोस्टला फोटोच्या लहानमोठ्या आकारांच्या प्रती, लाइक, कमेंट, टॅग आणि इतरांनी जतन केलेले दुवे चिकटलेले असतात. यातलं पोस्टबरोबर काय जायला हवं आणि काय राहायला हवं, हे प्रत्येक नात्यासाठी आधी ठरवून ठेवावं लागतं. कमेंट पोस्टबरोबर जायला हवी, पण ती लिहिणाऱ्या माणसाचं खातं जाता कामा नये. एखादं नातं नोंदवायचं राहून गेलं, तर पोस्ट जाते आणि तिचा एखादा तुकडा कुठेतरी मागे राहतो. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये याच प्रश्नावर एक शोधनिबंध सादर केला होता. कायमचं पुसायला कंपनी नव्वद दिवसांपर्यंतचा अवधी का मागते, ते यावरून समजतं. त्यानंतरही आपत्तीत किंवा बिघाडात कामी यावी म्हणून ठेवलेल्या राखीव साठ्यात काही काळ प्रत उरू शकते, असं कंपनीच्या अटींमध्येच लिहिलेलं आहे.

हे तुकडे मागे राहणं प्रत्यक्षात घडलेलं आहे. नेपाळचे सुरक्षा संशोधक सौगत पोखरेल यांनी आपल्याच खात्याची माहिती इन्स्टाग्रामकडून डाउनलोड करून घेतली. तेव्हा वर्षाहून अधिक काळापूर्वी आपण काढून टाकलेले फोटो आणि खासगी संदेश त्यांना त्यात सापडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी ते कंपनीला कळवलं. दोष दुरुस्त झाला, त्यांना ६,००० डॉलरचं बक्षीस मिळालं आणि ऑगस्ट २०२० मध्ये ही गोष्ट जगासमोर आली. कुणी याचा गैरफायदा घेतल्याचं आढळलं नाही, असं कंपनीने सांगितलं. पण या घटनेतून एक उपयोगी रीत हाती लागते. आपलं काढलेलं खरंच गेलं का, हे पाहायचं असेल तर काही महिन्यांनी आपल्या माहितीची प्रत मागवावी आणि त्यात ते शोधावं.

म्हणजे ‘कायमचं गेलं’ याला दोन वेगळ्या तारखा आहेत. आपली गोधडीची पोस्ट घ्या. बाईंसाठी ती ४ जूनला गेली, त्यानंतर ती परत आणायची वाट नाही. कंपनीच्या यंत्रणेतून ती पूर्णपणे जायला सप्टेंबरही उजाडू शकतो. पहिली तारीख महत्त्वाची आहे ती पोस्ट परत हवी असणाऱ्याला, दुसरी महत्त्वाची आहे ती पोस्ट खरोखर नष्ट व्हावी असं वाटणाऱ्याला. दोघांचीही फसगत होते ती तारखांची अदलाबदल झाल्यामुळे. पहिल्याला वाटतं, सर्व्हरवर असेलच तर विनंती केली की मिळेल, पण तसं मिळत नाही. दुसऱ्याला वाटतं, पडद्यावरून गेलं म्हणजे संपलं. दुसऱ्याने निदान फोल्डरमध्ये जाऊन ‘Delete’ दाबावं, म्हणजे तीस दिवसांची वाट पाहणं तरी टळतं. आणि या सगळ्या काळात कुणी घेतलेला स्क्रीनशॉट यातल्या कुठल्याच मुदतीत बसत नाही, हेही त्याने लक्षात ठेवावं.

पोस्ट काढावी की ठेवावी असा संभ्रम असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की डिलीट करूच नये. ‘Archive’ हा पर्याय २०१७ पासून आहे. त्यात पोस्ट लोकांना दिसायची बंद होते, तिचे लाइक आणि कमेंट जपले जातात, आणि दिवसांची मर्यादा नाही. विकून झालेल्या गोधड्यांसाठी भाच्याने हेच करायला हवं होतं. दुकानाचं किंवा कलेचं खातं चालवणाऱ्यांनी तर डिलीटकडे वळूच नये.

बाकी, आज एक काम जरूर करा. खात्यावर नोंदवलेला मोबाईल नंबर आणि ईमेल अजून तुमच्याच हातात आहेत का ते पाहा. जुना नंबर बंद केला असेल किंवा कॉलेजच्या काळातला ईमेल आता उघडत नसेल, तर तीस दिवसांची मुदत शिल्लक असूनही कोड तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.