सोनोग्राफीत यकृतावर पांढरा डाग. गाठ साधी की धोक्याची?

समजा, चाळिशीतल्या एका महिलेने पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि यकृतावर २ सेंटिमीटरचा, स्पष्ट कडांचा पांढरा डाग दिसला. यकृताचा जुना आजार नसेल, तर असा डाग बहुधा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता असतो. त्याचा कर्करोग होत नाही.

शंका राहिल्यास शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. हिमँजिओमात रक्त संथ वाहते. त्यामुळे औषध आधी कडेला ठिपक्याठिपक्यांनी दिसते, मग काही मिनिटांत मध्याकडे भरत जाते आणि टिकून राहते. यकृताच्या कर्करोगाची गाठ मात्र बहुधा सुरुवातीलाच उजळते आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा गडद होते.

सिरॉसिस, हिपॅटायटिस बी किंवा पूर्वी कर्करोग झालेल्या रुग्णात केवळ सोनोग्राफीवर विसंबता येत नाही. कारण कर्करोगाच्या काही गाठीही पांढऱ्या दिसतात. अशा रुग्णांना पुढील स्कॅन करावाच लागतो. हिमँजिओमा पक्का ठरला आणि त्रास नसेल, तर उपचारांची गरज नसते.