पहिल्या पानावरच निर्णय

मार्केटिंगचा अहवाल चाळीस पानांचा असला, तरी पैसे मंजूर करणारा माणूस बहुधा पहिलंच पान नीट वाचतो. त्या पानावर ‘एक्झिक्युटिव्ह समरी’ असते. पण पुष्कळदा तिथे नुसती प्रस्तावना सापडते: मोहीम कधी झाली, माहिती कशी जमवली, पुढे काय काय आहे. निर्णयाला त्याचा उपयोग नसतो.

समजा, फराळाचे पदार्थ विकणाऱ्या एका कंपनीने दिवाळीत जाहिरातींवर १२ लाख रुपये खर्च केले. ‘इन्स्टाग्रामवर २४ लाख लोकांपर्यंत पोचलो, प्रतिसाद उत्साहवर्धक होता’ असा सारांश वाचून मालक विचारणारच, ‘मग पुढे काय करायचं?’ त्याऐवजी असं लिहिता येईल:

‘गुढीपाडव्याला इन्स्टाग्रामच्या खर्चातले ३ लाख रुपये दुकानांतल्या चव-स्टॉलकडे वळवावेत. दिवाळीत इन्स्टाग्रामवर ८ लाख खर्चून १,००० नवे ग्राहक आले, म्हणजे प्रत्येकी ८०० रुपये. स्टॉलवर ४ लाखांत तितकेच आले, प्रत्येकी ४०० रुपये. दोन महिन्यांत पुन्हा खरेदी करणारे इन्स्टाग्रामचे १००, तर स्टॉलचे ३०० होते. मोजणी कूपनवरून केली असल्यामुळे, आधी जाहिरात पाहून मग स्टॉलवर आलेले ग्राहक स्टॉलच्याच खात्यात धरले गेले आहेत. शिवाय स्टॉल फक्त पुणे आणि नाशिकच्या २० दुकानांत होते. म्हणून आधी कोल्हापुरात १ लाखाचा प्रयोग करावा. तिथेही ग्राहकामागे खर्च ५०० रुपयांच्या आत राहिला, तर उरलेले २ लाख वळवावेत. प्रयोगाला १५ जानेवारीपर्यंत मंजुरी हवी.’

इथे शिफारस आधी आली आणि कारणं मागून. प्रत्येक आकड्याशेजारी तुलनेचा दुसरा आकडा आहे. २४ लाखांचा आकडा वगळला, कारण त्यावरून निर्णय बदलत नाही. सगळ्यात मोलाची वाक्यं मात्र मोजणीतल्या उणिवांची आहेत. ती आतल्या पानांत दडवली असती, तर फक्त सारांश वाचणाऱ्याने सगळे ३ लाख एकदम हलवले असते.

असा मजकूर अहवाल पूर्ण झाल्यावरच लिहिता येतो. तो लिहिताना आतल्या प्रकरणांतली वाक्यं उचलून जोडली, की ‘वर म्हटल्याप्रमाणे’, ‘तक्ता ४ पाहा’ अशी ठिगळं राहतात आणि वाचकाला पानं उलटावी लागतात. आकडेही पडताळून घ्यावेत. आतला तक्ता शेवटच्या क्षणी दुरुस्त होतो आणि सारांशात जुनाच आकडा राहतो.

शेवटी अहवाल न पाहिलेल्या सहकाऱ्याला ते एकच पान द्या आणि विचारा: काय करायचं, कशाच्या आधारावर, कितपत खात्रीने आणि कधीपर्यंत? यातल्या एकाही उत्तरासाठी त्याने अहवाल मागितला, तर सारांश पुन्हा लिहा.