थोरलीचे पापड, धाकटीच्या शेंगा

एका गावात दोन शेजारणी आहेत. थोरली तासाला 40 पापड लाटते किंवा 2 किलो शेंगा सोलते. धाकटी तासाला 10 पापड लाटते किंवा 1 किलो शेंगा सोलते. दोन्ही कामांत थोरलीच सरस. मग तिने धाकटीशी देवाणघेवाण का करावी?

दोघी प्रत्येक कामाला तीन-तीन तास देतात. थोरलीचे 120 पापड आणि 6 किलो शेंगा होतात, धाकटीचे 30 पापड आणि 3 किलो शेंगा. पण किलोभर शेंगा सोलताना थोरलीचे 20 पापड बुडतात, धाकटीचे फक्त 10. म्हणजे शेंगा सोलणे धाकटीला स्वस्त पडते. हाताचा वेग नव्हे, हे बुडणारे पापड मोजायचे.

आता धाकटी सहाही तास शेंगा सोलते. थोरली दीड तास शेंगांना आणि साडेचार तास पापडांना देते. तिचे 180 पापड होतात. 45 पापड देऊन ती धाकटीकडून 3 किलो शेंगा घेते. शेंगा दोघींकडे पूर्वीइतक्याच राहतात, पण पापड थोरलीकडे 135 आणि धाकटीकडे 45 उरतात. प्रत्येकीला 15 जास्त!

डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन हाच तुलनात्मक लाभ मांडला.

किलोचा भाव मात्र 10 ते 20 पापडांमध्येच बसतो. त्याखाली धाकटी स्वतःच पापड लाटेल, त्यावर थोरली स्वतःच शेंगा सोलेल. धाकटी तासाला 20 पापड लाटू लागली, तर दोघींचे प्रमाण सारखे होऊन हा फायदाच उरत नाही.